किडनीच्या रुग्णाचा आहार: डाएटिशियनच्या कागदावरून जेवणाच्या वेळेचा तक्ता कसा बनवायचा



नागपूरहून तपासणी करून आलेल्या माणसाच्या फाइलमध्ये डाएटिशियनचा एक कागद असते. त्यावर चार-पाच ओळी राहतात: कॅलरी १५०० ते १६००, प्रोटीन ३० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, पाणी १ लिटर, पोटॅशियम कमी. घरच्या बाईनं हा कागद वाचून सकाळी चुलीवर काय ठेवायचं, हे त्यात कुठंच नसते. मग बहुतेक घरी एकच होते. "हे बंद, ते बंद" करत करत रुग्णाचं जेवण अर्ध्यावर येते. म्हणून हा कागद वेळ, पदार्थ आणि माप अशा तक्त्यात कसा उतरवायचा, ते एक उदाहरण धरून सांगतो.

समजा रुग्ण ५० किलो वजनाचा आहे, डायलिसिस सुरू नाही, शुगर नाही, पायाला थोडी सूज आहे आणि रक्तात पोटॅशियम वाढलेलं आहे. वरचे आकडे अशा माणसाचे आहेत. डायलिसिस नसलेल्या रुग्णाला प्रोटीन साधारण किलोमागे अर्ध्या ग्रॅमच्या थोडं वर देतात. डायलिसिस सुरू झालं की तेच किलोमागे १ ते १.२ ग्रॅम होते, म्हणजे याच माणसाला ५० ते ६० ग्रॅम, कारण डायलिसिसमध्ये प्रोटीन वाया जाते. त्यामुळे शेजारच्या घरचा तक्ता उतरवून घेऊ नका. आकडे आपल्याच कागदावरचे घ्या, पद्धत तेवढी इथली घ्या.

आधी वही घ्या आणि रुग्णाचा आजचा दिवस जसा आहे तसा लिहा. किती वाजता उठते, चहा कधी, तलावावर जाते का, जाळं काढून किती वाजता परत येते, गोळ्या कधी. कागदावर "नाश्ता ८ वाजता" असलं आणि माणूस पहाटे ४ ला निघून १० ला घरी येत असला, तर तो तक्ता भिंतीवरच राहीन. पहाटे जाणाऱ्याचा ८:३० चा नाश्ता डब्यात जाईल, एवढाच फरक.

आता प्रोटीनची वाटणी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय पदार्थांचे तक्ते काढले आहेत, डाएटिशियन लोक तेच वापरतात. आपल्याला त्यातले थोडेच आकडे लागतात, ते असे गोल करून घ्या. २५ ग्रॅम कणकेच्या एका पोळीत पावणेतीन ग्रॅम प्रोटीन. ४० ग्रॅम कच्च्या तांदळाच्या भातात ३ ग्रॅम. म्हशीच्या ५० मिली दुधात २ ग्रॅम. काटे सोडून ५० ग्रॅम कच्च्या मासोळीत साडेआठ ग्रॅम. ४० ग्रॅम तूरडाळीतही जवळपास तेवढंच.

यातून एक नियम निघते: ज्या दिवशी मासोळी, त्या दिवशी वरण नाही. दोन्ही ताटात आले तर ३० चा आकडा कधीच पार होते. बंदी दोघांवरही नाही, अदलाबदल आहे. आपल्या घरी वजनकाटा आहेच. रोहू-कतल्याच्या तुकड्यात मधला काटा जाड असते, तो वजनात धरायचा नाही, म्हणून तुकडा ५० ग्रॅमपेक्षा थोडा मोठा लागते. मुंडकं आणि काट्यासकट खायच्या बारीक मासोळ्या या रुग्णाला नको. हाडात फॉस्फरस भरलेलं असते आणि बिघडलेली किडनी ते बाहेर टाकू शकत नाही.

या हिशोबानं पहिला तक्ता मांडला: दोन वेळा चहा, नाश्त्याला पोहे, दुपारी पोळी-भात-भाजी, रात्री भात-मासोळी-भाजी. प्रोटीन बरोबर ३१ ग्रॅम आलं. एका ग्रॅमनं काही होत नाही. पण कॅलरी मोजल्या तर १३२० च भरल्या, म्हणजे दोनशेच्या वर कमी. तक्ता न मांडता स्वयंपाक करणाऱ्या घरात ही तूट कोणाच्या ध्यानातच येत नाही. शरीराला पुरेसं इंधन भेटलं नाही की ते स्वतःचं मांस जाळते, आणि त्यातून निघालेलं युरिया पुन्हा त्याच किडनीवर येते. माणूस पथ्य पाळून वाळत जाते, रिपोर्टही सुधरत नाही.

तूट भरायची ती प्रोटीन नसलेल्या पदार्थानं. त्याला साबुदाणा बरा, त्यात प्रोटीन नावालाच असते. ४० ग्रॅम साबुदाणा, दोन चमचे तेल, जिरं आणि सांभार. शेंगदाण्याचा कूट नाही, आलू नाही. यातून साधारण २३० कॅलरी मिळतात. चार वाजताच्या चहासोबत ही खिचडी ठेवली आणि तक्ता असा झाला:

| वेळ | काय आणि किती | प्रोटीन (ग्रॅम) | कॅलरी | पाणी-चहा (मिली) |
|---|---|---|---|---|
| ६:३० | अर्धा कप चहा, २ चमचे साखर | २ | ८५ | १०० |
| ८:३० | पोहे (५० ग्रॅम कोरडे), २ चमचे तेल, गोळीचं पाणी | ३.५ | २६५ | १०० |
| १२:३० | २ पोळ्या तेल लावून, ४० ग्रॅम तांदळाचा भात, १ वाटी दोडक्याची भाजी | ९.५ | ४६५ | २०० |
| ४:३० | अर्धा कप चहा, साबुदाणा खिचडी | २ | ३१५ | १०० |
| ८:०० | ६० ग्रॅम तांदळाचा भात, मासोळी ५० ग्रॅम, थोडी लौकीची भाजी | १४ | ४२० | २५० |
| ९:३० | गोळीचं पाणी | ० | ० | १०० |
| एकूण | | ३१ | १५५० | ८५० |

पाण्याचे १ लिटरमधले १५० मिली उरले. ते एका लहान बाटलीत सकाळीच भरून ठेवा, मधात तहान लागली तर त्यातूनच. रात्रीच्या २५० मध्ये १०० मिली मासोळीचा रस्सा धरला आहे. रस्सा, वरण, ताक, दूध, बर्फ, सगळं पाण्यातच मोजायचं असते. पाण्याची मर्यादा मात्र सगळ्यांना नसते. ज्याला सूज आहे किंवा लघवी कमी झाली त्याला देतात, आणि बहुतेक वेळा हिशोब असा असते: काल जेवढी लघवी झाली ते माप, अधिक ५०० मिली. कागदावर पाण्याबद्दल काही लिहिलं नसेल तर आपल्या मनानं पाणी तोडू नका.

मिठाचा रकाना तक्त्यात घातला नाही, कारण ताटागणिक मीठ मोजणं कोणाच्यानं होत नाही. त्यापेक्षा सकाळी एक सपाट चमचा, म्हणजे ५ ग्रॅम मीठ लहान डबीत काढा. रुग्णाची भाजी मीठ टाकायच्या आधी गंजातून वेगळी काढा. त्याच्या वाट्याचं मीठ दिवसभर त्या डबीतूनच घ्या. डबी रिकामी, की दिवसाचं मीठ संपलं. पापड, लोणचं आणि सुकवलेली खारी मासोळी घरात असली तर हा हिशोब टिकत नाही, एका खाऱ्या तुकड्यातच डबीतलं बरंचसं मीठ जाते. सेंधा मीठही शेवटी मीठच आहे. आणि दुकानात "कमी सोडियमचं" म्हणून मिळते ते मीठ या रुग्णाला अजिबात देऊ नका. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम टाकलेलं असते, आणि पोटॅशियम एकदम वाढलं तर थेट हृदयाच्या ठोक्यावर येते.

पोटॅशियमवरूनच दुसरी गोष्ट. आपला सौंसर-पांढुर्णा भाग संत्र्याचा, घरी आलेल्या आजाऱ्याला लोक संत्रीच घेऊन येतात. पोटॅशियम वाढलेलं असताना संत्री, मोसंबी, केळं, नारळपाणी आणि कोणताही फळाचा रस बंद. फळ द्यायचंच तर सफरचंदाच्या दोन-तीन फोडी. भाज्यांत दोडके, लौकी, पत्तागोभी चालते. भाजी सोलून बारीक चिरायची, कोमट पाण्यात दोनेक तास ठेवायची, ते पाणी फेकायचं, पुन्हा भरपूर पाण्यात उकळून तेही पाणी फेकायचं आणि मग फोडणी. चव जाते, खरं आहे. लिंबाचे चार थेंब, जिरं, लसूण यांनी थोडी परत येते. रिपोर्टमध्ये पोटॅशियम ठीक असेल तर एवढं करायची गरज नाही, डाएटिशियनला विचारा.

गोळ्यांचा रकानाही तक्त्याशेजारी काढा. फॉस्फरस कमी करायला कॅल्शियमची गोळी लिहिली असेल तर ती जेवणासोबतच घ्यायची असते, कारण ती पोटात अन्नातलं फॉस्फरस धरून ठेवते. उपाशीपोटी तीन वाजता घेतली तर ते काम होत नाही. लोहाची गोळी तिच्यासोबत घेऊ नका, दोन्हीत अंतर लागते.

शुगर असलेल्या रुग्णाला हा तक्ता चालत नाही. साखर-साबुदाण्याच्या जागी डाएटिशियन दुसरं काही बसवून देतात. अशा माणसानं जेवणाची वेळ चुकवणं जास्त धोक्याचं, कारण किडनी मंद झाली की इन्सुलिन आणि शुगरच्या काही गोळ्यांचा असर शरीरात जास्त वेळ राहते आणि शुगर अचानक खाली जाते.

तक्ता बरोबर चालला का हे वजनावरून कळते. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, एकाच काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा. एक-दोन दिवसांत किलोभर वाढलं तर ते मांस नाही, पाणी आहे: मीठ किंवा पाणी जास्त झालं. महिनाभर हळूहळू उतरत गेलं, सदरा सैल झाला, तर कॅलरी कमी पडत आहेत, म्हणजे ताटात उरते काय ते पाहा. फक्त सूज उतरत असतानाही वजन कमी होते, हे ध्यानात ठेवा. हातापायातला जोर एकदम गेला, छातीत धडधड झाली किंवा दम लागला, तर तक्ता पाहत बसू नका, गाडी काढा आणि दवाखान्यात जा.

पुढच्या तपासणीला जाताना तक्ता आणि वजनाची वही दोन्ही सोबत न्या. रिपोर्ट पाहून डाएटिशियन त्यातला कोणता आकडा बदलायचा ते तिथंच पेनानं लिहून देऊ शकते. नवा तक्ता केला की वर तारीख टाका आणि जुना भिंतीवरून काढून घ्या, नाहीतर सून एक पाहते आणि सासू दुसरा.