पत्त्यातला एंटर

मोठ्या टेबलातला डेटा दुसऱ्या कुणाला द्यायचा झाला की आजही सगळ्यांचा हात सीएसव्हीकडेच जातो. ही साधी मजकुराची फाइल असते. एका ओळीत एक नोंद, दोन रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम. बँक, कुरिअर कंपनी, सरकारी पोर्टल, एक्सेल, सगळ्यांना ती चालते. गोची होते ती खऱ्या माणसांचे पत्ते त्यात भरले की. आपल्याकडच्या पत्त्यात स्वल्पविराम असतोच, इमारतीचं नाव कुणीतरी अवतरणचिन्हांत लिहिलेलं असतं आणि काउंटरवरच्या मुलाने पत्ता नीट दोन ओळींत दिसावा म्हणून मध्येच एंटर दाबलेला असतो.

समजा, एका वितरकाकडे ग्राहकांचं बारा लाख नोंदींचं टेबल आहे. रकाने चारच: क्रमांक, पत्ता, पिनकोड, सूचना. कुणी घाईत छोटा प्रोग्राम लिहून चारही रकाने स्वल्पविरामाने जोडले आणि फाइलमध्ये उतरवले, तर एक नोंद अशी दिसेल:

```
20417,फ्लॅट 12, "शिवनेरी"
कर्वे रस्ता, पुणे,411004,दुपारी देऊ नये
```

नोंद एक, ओळी दोन. पहिल्या ओळीचे तुकडे तीन पडतात, म्हणजे एक कमी, आणि ते निदान पकडता येतं. दुसरी ओळ मात्र फसवी आहे. तिचे बरोबर चार तुकडे होतात: ग्राहक क्रमांक ‘कर्वे रस्ता’, पत्ता ‘पुणे’, पिनकोड 411004, सूचना ‘दुपारी देऊ नये’. रकाने मोजणारी तपासणी या ओळीला बिनबोभाट पुढे सोडते. पिनकोडसुद्धा आपल्या जागी आहे! अशा ओळी बारा लाखांत विखुरलेल्या असल्या की नजरेने त्या सापडायच्या नाहीत.

यावरचे नियम जुने आणि थोडके आहेत. सीएसव्ही वर्षानुवर्षं वापरात होती, तरी तिची रीत आरएफसी 4180 या दस्तऐवजात लिहून निघाली ती 2005 साली. रकान्यातल्या मजकुरात स्वल्पविराम, दुहेरी अवतरणचिन्ह किंवा ओळ तोडणारं चिन्ह असेल, तर तो अख्खा रकाना दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवायचा. आणि आतलं प्रत्येक अवतरणचिन्ह दोनदा लिहायचं. तीच नोंद मग अशी होते:

```
20417,"फ्लॅट 12, ""शिवनेरी""
कर्वे रस्ता, पुणे",411004,दुपारी देऊ नये
```

ओळी अजूनही दोनच दिसतात, पण वाचणाऱ्या प्रोग्रामच्या लेखी ती एकच नोंद आहे. अवतरणचिन्ह उघडल्यापासून बंद होईपर्यंत जे काही येईल, एंटरसकट, ते सगळं पत्त्याचंच.

बहुतेक घोळ या नियमाच्या दुसऱ्या अर्ध्यात होतात. रकान्याभोवती अवतरणचिन्हं घालायचं लक्षात राहतं, आतली दुप्पट करायची राहून जातात. मग ‘शिवनेरी’च्या आधीचं चिन्ह म्हणजे रकाना संपला, असं वाचणारा प्रोग्राम समजतो आणि पुढे जो तो आपल्या मनाने चालतो. कुणी तक्रार करून थांबतो, कुणी मिळेल तो अर्थ लावतो, तर कुणी पुढचं अवतरणचिन्ह भेटेपर्यंतच्या नोंदी एकाच रकान्यात गिळतो. काही प्रोग्राम आतल्या चिन्हाआधी उलटी तिरपी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश, घालतात. एक्सेलला ती खूण कळत नाही.

‘मग स्वल्पविराम आणि एंटर पत्त्यातून काढूनच टाका की,’ असा सल्ला हमखास मिळतो. मला तो पटत नाही. दिलेला डेटा मूळ डेटासारखाच असला पाहिजे. पाकिटावरचं लेबल ज्या दोन ओळींवर छापायचं, त्या मधल्या मधे एक करण्याचा अधिकार फाइल काढणाऱ्याला कुणी दिला? स्वल्पविरामाऐवजी उभी रेघ वापरली तरी एंटरचा प्रश्न उरतोच.

खरा उपाय म्हणजे ही चिन्हं स्वतः जोडत बसायचं नाही. पोस्टग्रेस डेटाबेस असेल तर psql मध्ये ही एक ओळ पुरते:

```
\copy grahak TO 'grahak.csv' WITH (FORMAT csv, HEADER)
```

जिथे गरज आहे तिथेच अवतरणचिन्हं, आतली दुप्पट, वर रकान्यांची नावं, हे सगळं ती आपण होऊन करते. ओळी जशा येतील तशा फाइलमध्ये उतरत जातात, त्यामुळे टेबल कितीही मोठं असलं तरी ते आधी संगणकाच्या मेमरीत गोळा व्हावं लागत नाही. आणखी एक बारकावा ती सांभाळते. रकान्यात काहीच नोंदलेलं नसेल तर दोन स्वल्पविरामांमध्ये काही लिहीत नाही. मुद्दाम रिकामा मजकूर ठेवलेला असेल तर `""` लिहिते. पायथनमध्ये हेच काम `csv.writer` करतो, फक्त फाइल उघडताना `newline=""` द्यायला विसरू नये, नाहीतर विंडोजवर प्रत्येक नोंदीनंतर एक रिकामी ओळ येऊन बसते.

फाइल तयार झाली की ती मोजायची. इथे `wc -l` उपयोगाचं नाही, कारण ते ओळी मोजतं, नोंदी नाही. बारा लाख नोंदींच्या बिनचूक फाइलमध्येही ओळी त्याहून पुष्कळ जास्त निघतील. मोजणी सीएसव्हीचे नियम कळणाऱ्याकडूनच करून घ्यावी:

```
import csv
n = 0
with open("grahak.csv", encoding="utf-8", newline="") as f:
    for r in csv.reader(f):
        n += 1
        if len(r) != 4:
            print(n, r)
print(n - 1)
```

शेवटचा आकडा (एक वजा केला तो नावांच्या ओळीचा) डेटाबेसमधल्या `SELECT count(*)` शी तंतोतंत जुळला पाहिजे. वर पाहिलेली फसवी दुसरी ओळ रकान्यांच्या मोजणीतून निसटते, पण इथे एकूण आकडा फुगतो आणि ती उघडी पडते. त्याहून पक्की खात्री हवी असेल तर फाइल एका रिकाम्या टेबलात परत भरून दोन्ही टेबलं ताडून पाहावीत.

एवढं करूनही बारा लाखांची फाइल एक्सेलमध्ये पुरती मावत नाही. एका शीटमध्ये 10,48,576 ओळी मावतात. त्यापुढच्या एक्सेल उघडतच नाही आणि तिथून फाइल पुन्हा सेव्ह केली तर त्या कायमच्या जातात. म्हणून लोक फाइलचे तुकडे करतात आणि तेही `split -l` सारख्या आज्ञेने, म्हणजे ओळी मोजून. काप नेमका एखाद्या पत्त्याच्या मधल्या एंटरवर पडला, की दुसऱ्या तुकड्याची सुरुवात अर्ध्या पत्त्याने होते. पहिल्या तुकड्यात उघडलेलं अवतरणचिन्ह दुसऱ्यात बंद होतं, पण वाचणाऱ्याला त्या उघडण्याचा पत्ताच नसतो, आणि बंद करणारं चिन्ह त्याला उघडणारं वाटू शकतं. तुकडे हवेच असतील तर ते डेटाबेसमध्येच पाडावेत:

```
\copy (SELECT * FROM grahak WHERE id <= 600000) TO 'g1.csv' WITH (FORMAT csv, HEADER)
```

मराठी अक्षरं एक्सेलमध्ये चिन्हविचित्र दिसली तर तो दोष अवतरणचिन्हांचा नाही. फाइल यूटीएफ-8 मध्ये आहे हे एक्सेलला ओळखता आलेलं नसतं. डबल-क्लिक न करता ‘डेटा’ मेनूतून फाइल आत घ्यावी आणि तिथे यूटीएफ-8 निवडावं. शून्याने सुरू होणारे क्रमांक असतील तर त्याच ठिकाणी तो रकाना ‘टेक्स्ट’ ठेवावा, म्हणजे पुढची शून्यं उडत नाहीत.

आणि फाइल पुढे पाठवताना सोबत दोन आकडे जरूर लिहा: नोंदी किती आणि रकाने किती. घेणाऱ्याने त्याच्याकडे आधी तेवढेच जुळवून पाहावेत आणि मगच कामाला लागावं.