नाडी ठीक, म्हणजे हृदय ठीक?

26 जून 2003. फ्रान्समधल्या लिआँ शहरात कोलंबियाविरुद्धचा सामना रंगात आला असताना कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिवियन फो मैदानाच्या मधोमध कोसळला. जवळपास एकही खेळाडू नव्हता, कुणाचा धक्काही लागला नव्हता. वय 28. शवविच्छेदनात हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार निघाला: हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी.

गैरसमज: नाडी 55-60 आहे, लयीत आहे, घड्याळातला आकडाही चांगला आहे, मग काळजी कशाला?

वस्तुस्थिती: नाडी सांगते ती ठोक्यांची संख्या आणि लय. भिंत किती जाड आहे, झडप कशी आहे, हृदयाला रक्त पुरवणारी धमनी योग्य जागेतून निघाली आहे का, यातलं काहीच तिला कळत नाही. या आजारात विश्रांतीच्या वेळी ठोके अगदी नियमित पडू शकतात. जाड भिंतीतल्या स्नायुपेशींची रचना विस्कटलेली असते, त्यामुळे जोराच्या श्रमात लय अचानक बिघडू शकते. शिवाय सरावाने खेळाडूची नाडी मुळातच मंदावते, म्हणून चांगला आकडा आणखी फसवतो.

खरी तपासणी प्रश्नांनी सुरू होते. धावताना कधी शुद्ध हरपली का? छातीत दुखलं का? घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं का? मग डॉक्टर छाती ऐकतात. रुग्णाला उकिडवं बसवून उभं करतात. उभं राहताच हृदयातला खरखराट वाढला, तर या आजाराचा संशय बळावतो. त्यानंतर बारा लीडचा ईसीजी. या आजाराच्या बहुतेक रुग्णांत त्यात काही ना काही बिघाड दिसतो. मनगटी घड्याळाचा ईसीजी एकाच लीडचा असतो, तो याची जागा घेऊ शकत नाही. संशय आला की इकोकार्डिओग्राफी, म्हणजे टू-डी इको.

गैरसमज: इको झाला, की निकाल लागला.

वस्तुस्थिती: नेहमीच नाही. समजा, एका तरुण नौकानयनपटूची भिंत 14 मिलिमीटर भरली. 15 किंवा अधिक असती, तर आजाराकडे बोट दाखवता आलं असतं. पण 13-14 पर्यंत जाडी कठोर सरावानेही वाढू शकते. अशा वेळी डाव्या कप्प्याची पोकळी मोजतात: सरावाने ती रुंदावते, आजारात सहसा लहान राहते. तरीही उलगडा झाला नाही, तर एमआरआय करतात, घरच्यांची तपासणी करतात आणि सराव काही महिने थांबवतात. सरावाची जाडी उतरते, आजाराची उतरत नाही.

इटलीत 1982 पासून स्पर्धात्मक खेळाडूंना ईसीजीसह तपासणी सक्तीची आहे. पुढे तिथल्या व्हेनेटो प्रांतात खेळाडूंच्या अचानक मृत्यूंचं प्रमाण जवळपास 90 टक्क्यांनी घटल्याचं नोंदलं गेलं. तरी ईसीजीतूनही काही दोष निसटतात. धमनी चुकीच्या जागेतून निघाली असेल, तर विश्रांतीचा ईसीजी बहुधा नॉर्मलच येतो.

म्हणून प्रशिक्षकांना आणि पालकांना कळकळीची विनंती: भर धावेत मुलगा किंवा मुलगी बेशुद्ध पडली, तर ‘उपाशी असेल’ म्हणून ग्लुकोज पाजून पुन्हा मैदानात पाठवू नका. हृदयाची तपासणी होईपर्यंत सराव बंद ठेवा.