परिचारिकेची तपासणी आणि अनुदानाचा अर्ज

छोट्या संशोधन अनुदानाच्या अर्जात परीक्षकाचा कौल बहुतेक वेळा दोन भागांवर ठरतो. अभ्यासाची गरज का आहे, हे पहिल्या भागात सांगायचे असते आणि तो कसा पार पडेल, हे दुसऱ्यात. परिचारिकेने चालवलेल्या आरोग्यतपासणीच्या अभ्यासात हे दोन्ही भाग कसे लिहावेत, हे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या उदाहरणावरून नीट कळते. या तपासणीत परिचारिकेचे काम भारतातच पारखले गेले आहे.

तपासणी साधी आहे. गर्भाशयमुखावर ५ टक्के अॅसिटिक आम्लाचे पातळ द्रावण लावायचे, एक मिनिट थांबायचे आणि चांगल्या उजेडात पाहायचे. बदललेल्या पेशी असतील तर तिथे ठसठशीत, कडा स्पष्ट असलेला पांढरा डाग उठतो. हिलाच व्हीआयए म्हणतात. प्रयोगशाळा लागत नाही आणि निष्कर्ष तिथल्या तिथे मिळतो. केंद्र सरकारच्या २०१६च्या मार्गदर्शक आराखड्यात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर ५ वर्षांनी अशी तपासणी सुचवली आहे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी जेमतेम २ टक्के जणींनी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झाल्याचे सांगितले.

नवखे अर्जदार इथेच थांबतात. रोग मोठा, तपासणी कमी, म्हणून अभ्यास हवा, असे लिहून मोकळे होतात. पण तपासणी कमी होते म्हणून ती वाढवावी, हे सेवेचे कारण झाले. अभ्यासाला न सुटलेला प्रश्न लागतो, आणि तो आधीच्या कामाच्या तपशिलात शोधावा लागतो.

तमिळनाडूतील दिंडिगल जिल्ह्यात झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित परिचारिकांनी ३१,३४३ स्त्रियांची व्हीआयए केली. तपासणीच्या गटात या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाले. परिचारिका हे काम करू शकते का, हा प्रश्न तिथेच निकालात निघाला. त्या निबंधातला खरा उपयोगी आकडा मात्र दुसराच आहे. डाग आढळलेल्या ३,०८८ स्त्रियांपैकी ३,०५२ जणींची पुढची, म्हणजे कॉल्पोस्कोपीची तपासणी झाली. इतक्या जणी सुटल्या नाहीत, कारण तीही तपासणी परिचारिकांनीच त्याच बैठकीत केली होती.

नेहमीच्या सरकारी सेवेत असे होत नाही. उपकेंद्रात डाग दिसला की बाईच्या हाती चिठ्ठी पडते आणि तिला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जावे लागते. दुखत काही नसते, मजुरी बुडते, सोबत कोणी तरी लागते. चिठ्ठी मिळालेल्या किती जणी ३० दिवसांत डॉक्टरांपर्यंत पोहोचतात, आणि परिचारिकेने तारीख ठरवून दिली व आशाताई सोबत गेल्या तर किती पोहोचू शकतात? मराठवाड्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत छोट्या अनुदानात उत्तर मिळण्याजोगा हा प्रश्न आहे, आणि गरजेच्या भागाचा सगळा भार त्याच्यावर असावा.

परीक्षकाच्या एका आक्षेपाला इथेच उत्तर द्यावे. त्या वेळच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील चाचणीत एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू घटले, पण व्हीआयएने तसा ठोस फरक दिसला नाही, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. हे अर्जात लपवू नये. तपासणी एचपीव्हीची असली तरी दोष आढळलेल्या बाईला तोच रस्ता चालायचा असतो, आणि अभ्यास त्या रस्त्याचा आहे. तुलनेसाठी तपासणीच न मिळणारा गटही ठेवू नये. भारतातील या मोठ्या चाचण्यांवर त्याच कारणाने नैतिक टीका झाली होती.

कार्ययोजना उलट्या टोकाकडून मांडावी, म्हणजे शेवटी लागणाऱ्या आकड्यापासून. ६०० स्त्रिया तपासल्या आणि दर शंभरात ८ जणींना डाग आढळला, तर सुमारे ५० जणींचा पाठपुरावा करावा लागेल. त्यातल्या ३५ डॉक्टरांपर्यंत पोहोचल्या, तर प्रमाण ७० टक्के निघते. पण इतक्या लहान संख्येवरून खरे प्रमाण ५६ ते ८१ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. या अभ्यासातून मृत्यू किंवा रोग घटल्याचे सिद्ध होणार नाही, हेही अर्जात स्पष्ट लिहावे. सोबत जाण्यामुळेच पोहोच वाढली, असेही तुलनेशिवाय म्हणता येत नाही. त्यासाठी केंद्राच्या जुन्या नोंदवहीतील चिठ्ठ्यांचा आधार घ्यावा लागेल आणि ती तुलना कच्ची असल्याचे सांगावे लागेल.

वयोगट ३० ते ४९ ठेवणे शहाणपणाचे. पन्नाशीनंतर पेशी बदलणारा भाग आत सरकतो आणि डोळ्यांना नीट दिसत नाही. ऊसतोडीच्या पट्ट्यात तरुणपणीच गर्भाशय काढलेल्या अनेक स्त्रिया आहेत. त्यांना यादीतून वगळावे लागते. म्हणून घरोघरची यादी आशांकडून आधी करून घ्यावी, नाहीतर कागदावरच्या ६०० स्त्रिया प्रत्यक्षात मिळत नाहीत.

आता वेळ. एका सत्रात १२ जणी, आठवड्याला २ सत्रे, म्हणजे २५ आठवडे, असे गणित अर्जात सर्रास दिसते. लसीकरणाचे दिवस, पाऊस, पेरणी, खुरपणी धरली तर सत्राला ८ जणी येणे हेच जास्त खरे. तेव्हा तेच काम ३७-३८ आठवड्यांवर जाते आणि वर्षभराच्या अनुदानात बसत नाही. आठवड्याला ३ सत्रे केली, तर पुन्हा २५ आठवड्यांवर येते. नैतिक समितीची आणि जिल्ह्याची परवानगी यांना जानेवारी-फेब्रुवारी, प्रशिक्षणाला मार्च, तपासणीला एप्रिल ते सप्टेंबर, शेवटच्या बाईच्या पाठपुराव्याला ऑक्टोबर, आकडेमोड आणि अहवाल यांना उरलेले दोन महिने. हे वेळापत्रक ऊसतोडीशीही जुळते. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या गाव सोडतात. म्हणून टोळ्या जाणारी गावे एप्रिल-मेमध्येच उरकायची. सप्टेंबरात डाग सापडलेली बाई ऑक्टोबरात दुसऱ्या जिल्ह्याच्या फडावर असेल, तर तिच्यापुरती ३० दिवसांची मोजणी निकामी होते.

गुणवत्ता कशी राखणार, हे कार्ययोजनेत एका वाक्यात आटोपू नये. द्रावण रोज ताजे करायचे: ५ मिलिलिटर तीव्र आम्ल आणि ९५ मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी. पाणी न मिसळलेल्या आम्लाने भाजते, म्हणून ती बाटली तपासणीच्या खोलीत ठेवायचीच नाही. पहिल्या २०० तपासण्यांनंतर डागांचे प्रमाण पाहायचे. शंभरात २०-२५ निघत असतील, तर परिचारिका साधी सूज किंवा फिकट पांढुरकेपणालाही डाग मानते आहे. शंभरात एखादाच निघत असेल, तर उजेड कमी पडतो आहे किंवा मिनिटभर थांबले जात नाही, अशी शंका घ्यावी. दोन्ही वेळी काम थांबवून स्त्रीरोगतज्ज्ञासोबत पुन्हा सराव करायचा, आणि त्यासाठी २ दिवस व मानधन आधीच धरून ठेवायचे.

सर्वांत आधी मात्र ज्या रुग्णालयात स्त्रिया पाठवायच्या, तिथल्या डॉक्टरांचे लेखी संमतिपत्र अर्जाला जोडावे. सुमारे ५० स्त्रियांची कॉल्पोस्कोपी आणि गरज पडेल तिथे उपचार कोणत्या वारी होतील, यंत्र चालू आहे का, बिघडले तर बाईला कुठे न्यायचे आणि जाण्यायेण्याचे भाडे कोणत्या खर्चातून द्यायचे, हे त्यात लिहिलेले असावे. ही सोय होत नसेल, तर तपासणीचे पहिले सत्र लावू नये.