विमानाचा शेवटचा टप्पा सोडला, आणि परतीचं तिकीटही गेलं! असं का होतं?

डिंडोली (सुरत) : उधन्याहून भुसावळचं तिकीट काढायचं आणि मधेच अमळनेरला उतरायचं, यात आपल्या खान्देशी माणसाला काही वावगं वाटत नाही. पैसे भरलेत, लवकर उतरलो, रेल्वेचं काय गेलं? परतीचं तिकीट तर वेगळंच असतं. हीच सवय विमानात लावली की मात्र गाडी फसते.

आधी भाड्याचा उलटा हिशोब समजून घेऊ. रेल्वेत लांब गेलं की भाडं वाढतं. विमानात तसं नसतं. कंपनी किलोमीटर विकत नाही, दोन शहरांमधली मागणी बघून दर लावते. सुरत-दिल्ली थेट जाणारा घाईत असतो, तो जास्त मोजतो. सुरत-अमृतसरवाल्यापुढे दुसऱ्या कंपनीचा, दुसऱ्या मार्गाचा पर्याय असतो, म्हणून त्याला ओढायला दर पाडला जातो. त्यामुळे कधी कधी सुरत-दिल्ली-अमृतसर हे तिकीट नुसत्या सुरत-दिल्लीपेक्षा स्वस्त दिसतं. मग कोणीतरी सांगतो, "भाऊ, अमृतसरचं काढ ना, दिल्लीलाच उतरून जा!" लपवलेल्या शहराचं तिकीट म्हणतात ते हेच.

आता समजा, कापड मार्केटमधल्या एका सेल्समनने असं जाण्या-येण्याचं तिकीट काढलं. दिल्लीचं थेट तिकीट सात हजार, अमृतसरचं साडेपाच हजार (आकडे फक्त समजण्यासाठी). त्याच्या एका तिकिटात चार कूपन असतात : सुरत-दिल्ली, दिल्ली-अमृतसर, अमृतसर-दिल्ली आणि दिल्ली-सुरत. बहुतेक कंपन्यांची अट अशी की कूपन क्रमानेच वापरायची. तो दिल्लीला उतरून निघून गेला. अमृतसरचं विमान सुटलं, यादीत त्याच्या नावापुढे 'नो-शो' लागलं, आणि सिस्टीमने त्याच बुकिंगमधली पुढची दोन्ही कूपनही रद्द केली. चार दिवसांनी तो दिल्लीच्या काउंटरवर उभा राहतो तेव्हा त्याला सांगतात, साहेब, तुमचं बुकिंगच नाही. तिथल्या तिथे नवं तिकीट काढायचं तर ऐनवेळचा दर लागतो. वाचवलेले दीड हजार गेलेच, वर आणखी गेले.

खरं तर परतीत त्याचा डाव तसाही चालला नसता. दिल्लीहून बसायचं म्हणजे अमृतसर-दिल्ली हे तिसरं कूपनही सोडावं लागलं असतं. म्हणून ही युक्ती वापरणारे एकेरी तिकीटच काढतात. एकेरी तिकिटात किंवा परतीच्या अगदी शेवटच्या टप्प्यात पुढे रद्द व्हायला काही उरत नाही.

पण यात मुद्दाम लबाडी न करणाराही सापडतो. दिल्लीला मेहुण्याकडे थांबलो, पुढे रेल्वेने अमृतसरला गेलो, आता परतीचं विमान तिथूनच धरू, असं म्हणणाऱ्याचंही तिकीट तसंच रद्द होतं. सिस्टीमला कारण कळत नाही.

दुसरा फटका बॅगेचा. काउंटरवर दिलेल्या बॅगेला शेवटच्या शहराचा टॅग लागतो. तुम्ही दिल्लीला, साड्यांचे सॅम्पल अमृतसरला! फक्त हातातली बॅग न्यावी म्हटलं, तर विमान भरलेलं असलं की तीही गेटवर घेऊन खाली टाकतात. शिवाय विमान रद्द झालं तर कंपनीची जबाबदारी तुम्हाला अमृतसरला पोचवण्याची, दिल्लीला नव्हे. मुंबईमार्गे पाठवलं तर तक्रार कशाची करणार? परदेश प्रवासात तर चेक-इनलाच शेवटच्या देशाचा व्हिसा मागतात.

कंपन्या याकडे काणाडोळा करतात असंही नाही. लुफ्तान्साने सिअ‍ॅटलहून फ्रँकफर्टमार्गे ओस्लोला जायच्या तिकिटावर फ्रँकफर्टलाच प्रवास सोडणाऱ्या एका प्रवाशाकडे दोन हजारांहून जास्त युरोंचा फरक मागितला. बर्लिनच्या न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये तो दावा फेटाळला. पण कोर्टाची पायरी चढावी लागलीच ना. युक्ती वारंवार केली तर साठवलेले माइल्स काढून घेणं, खातं बंद करणं हेही होऊ शकतं.

मग मधेच उतरायची खरंच वेळ आली तर? तो टप्पा सुटण्याआधी कंपनीला फोन करा आणि तिकीट बदलून मागा. फरकाचे पैसे लागतील, पण परत यायची सोय राहील. तिकीट एजंटाकडून काढलं असेल तर त्याच्यामार्फत करा. बदल झाल्यावर वेबसाइटवर पीएनआर टाकून परतीचं विमान दिसतंय का, ते स्वतः बघा. तोंडी 'हो' वर थांबू नका. आधीच शंका असेल तर जाण्याचं आणि येण्याचं तिकीट दोन वेगळ्या पीएनआरवर काढा, म्हणजे एकाचा नो-शो दुसऱ्याला लागत नाही.

आणि तिकीट वाया गेलंच, तरी सगळं सोडून देऊ नका. मूळ भाडं सहसा मिळत नाही, पण न वापरलेल्या टप्प्यांचे सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत करावं, असा डीजीसीएचा नियम आहे, अगदी नो-शो असला तरी. मात्र ते मागावं लागतं.