एक इंजेक्शन, पाच डबे

वॉर्डातल्या भिंतीवरच्या पोस्टरवर चार रंग आणि त्यांच्यापुढे वस्तूंची यादी असते. कोणता रंग का, हे मात्र तिथे क्वचितच लिहिलेले असते. ते समजण्यासाठी एकच इंजेक्शन घेऊ.

रॅपर आणि खोका रुग्णाला लागलेला नसतो, म्हणून तो साध्या कचऱ्यात जातो. औषधाची रिकामी काचेची अँप्यूल निळ्या खुणेच्या, न फुटणाऱ्या डब्यात, कारण काच निर्जंतुक करून पुन्हा वापरता येते. रक्त लागलेला कापसाचा बोळा पिवळ्या पिशवीत; ही पिशवी थेट भट्टीत जाते. सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत. लाल पिशवीतले प्लास्टिक जाळत नाहीत. दाबाखालच्या वाफेने त्यातले जंतू मारतात, मग तुकडे करून ते पुनर्वापरासाठी पाठवतात.

खरी गफलत होते ती लाल आणि पिवळ्यात. सलाईनची नळी पिवळ्या पिशवीत टाकली, तर ती भट्टीत पोहोचते. अशा नळ्या बहुधा पीव्हीसीच्या असतात. त्यातल्या क्लोरीनमुळे जळताना डायॉक्सिन आणि फ्युरान ही विषारी द्रव्ये तयार होऊ शकतात. म्हणूनच २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी क्लोरीनयुक्त प्लास्टिकच्या पिशव्याही बंद करायला सांगितल्या. भट्टीच्या दुसऱ्या कक्षात सुमारे १०५० अंश सेल्सिअस तापमान राखावे लागते, तेही याच द्रव्यांच्या धास्तीने.

उरली सुई. ती पांढऱ्या, अर्धपारदर्शक, टोचून न फाटणाऱ्या डब्यात जाते. पोस्टरवर सर्वांत मोठ्या अक्षरांत हवे ते हे: ‘वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका.’ एका हातात टोपण आणि दुसऱ्यात सुई असली, की नेम थोडा चुकला तरी बोट टोचते. सुई जागेवरच, हब कटरने कापावी. म्हणजे ती सिरिंज पुन्हा कुणाला वापरताही येत नाही. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करावा. काठोकाठ भरलेल्या डब्यात सुई दाबणारा हातच जखमी होतो. आणि सुई चुकून लाल पिशवीत गेली, तर ती टोचते पिशवीची गाठ मारणाऱ्या मावशींना. ती कुठल्या रुग्णाची, हेही मग कळत नाही.

टोचलीच, तर बोट पिळू नका, चोखू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच सिस्टरना सांगा. एचआयव्ही प्रतिबंधाची गोळी शक्यतो दोन तासांत सुरू व्हावी. ७२ तासांनंतर तिचा उपयोग मानला जात नाही. टोचण्यातून सर्वांत सहज पसरतो तो हिपॅटायटिस बी. त्यावर लस आहे, आणि कचरा हाताळणाऱ्यांनाही ती देणे रुग्णालयावर नियमाने बंधनकारक आहे. मावशी, मामा, तुमचे डोस झाले नसतील तर आजच विचारा.