मखमलीचा ठसा

एका शिक्षिकेने वर्गात एक प्रश्न विचारला आणि मुलांची उत्तरं मला पाठवली. पूर्वी लागू पडणारं औषध आता काही जिवाणूंवर का चालत नाही? बहुतेकांचं उत्तर, ‘जिवाणूंना औषधाची सवय झाली.’ काहींचं, ‘जगायचं म्हणून त्यांनी स्वतःला बदललं.’ बाई लिहितात, समजावून सांगितलं की मुलं माना डोलावतात आणि चाचणीत पुन्हा तेच लिहितात.

माझं म्हणणं, आधी समजावूच नका. मुलांना अंदाज बांधायला लावा.

1952 साली जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या दांपत्याने केलेला प्रयोग त्यासाठी फार छान आहे. एका बशीत जिवाणूंचा दाट थर वाढवला. ठोकळ्यावर ताणलेलं मखमली कापड त्यावर हलकेच दाबलं. मखमलीच्या लवेवर जिवाणू जसेच्या तसे चिकटले. तोच ठसा मग स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या बश्यांवर ओळीने उमटवला. जवळजवळ सगळे जिवाणू मेले, मोजक्या ठिकाणी वसाहती उगवल्या.

इथे थांबा आणि फळ्यावर तीन रिकामी वर्तुळं काढा. सगळ्या बश्यांत वसाहती त्याच जागी येतील की प्रत्येकीत वेगळ्या जागी? प्रत्येकाने ठिपके काढायचे आणि कारण लिहायचं. औषध लागल्यावर जिवाणू बदलत असतील, तर कोणता बदलेल याला काही धरबंध नाही. ठिपके विखुरले पाहिजेत. प्रत्यक्षात ते बहुतांशी त्याच जागी आले.

काही मुलं बरोबर ठिपके काढतात, पण कारण देतात, ‘ठसा तिथे घट्ट बसला.’ त्यांना दुसरा प्रश्न विचारा: मूळ बशीतल्या नेमक्या त्या जागेवरून जिवाणू उचलले तर? लेडरबर्गांनी हेच केलं. थर दाट, त्यामुळे उचललेल्यात साधेही मिसळलेले असायचे. पण प्रतिकारकांचं प्रमाण वाढलेलं असायचं. ते पुन्हा वाढवायचे, पुन्हा ठसा. असं करत शेवटी निव्वळ प्रतिकारक जिवाणू हाती आले, आणि त्यांच्या पूर्वजांपैकी एकालाही औषध कधी शिवलं नव्हतं. म्हणजे बदल आधीच, आपोआप झालेला होता. औषधाने फक्त बाकीच्यांना मारलं.

‘जिवाणूंनी औषधाशी कसं जुळवून घेतलं?’ असा प्रश्न मात्र कृपा करून काढू नका. त्यातच चुकीचं उत्तर दडलेलं आहे.

समजलं की नाही, हे तपासायला मी एक प्रश्न राखून ठेवतो: औषध कधीच दिलं नाही, तर पुष्कळ पिढ्यांनंतर हे प्रतिकारक जिवाणू नाहीसे होतील का? ‘होतील, कारण आता गरज नाही,’ म्हणणारं मूल अजून तिथेच अडकलेलं आहे. ‘हा बदल झालेले बरेचदा इतरांपेक्षा हळू वाढतात म्हणून कमी होतील, पण असे नवे अधूनमधून निपजतच राहतील,’ म्हणणाऱ्याला पूर्ण गुण.