चतुर्थीचा व्हिडिओ श्रावणात हवा

उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ गणपतीच्या आदल्या दिवशी यूट्यूबवर टाकणारे पुष्कळ असतात. कृती चोख असते, कळ्याही सुबक पडलेल्या असतात, पण ऐन सणात तो कुणाला सापडत नाही. हळूहळू प्रेक्षक येऊ लागतात, तोवर घरोघरचे मोदक खाऊन संपलेले असतात.

व्हिडिओची नोंद यूट्यूबच्या सर्चमध्ये बहुधा लवकर होते. अडतं ते पुढे. एखाद्या शोधाला कोणता व्हिडिओ वर दाखवायचा हे ठरवताना यूट्यूब टायटल, डिस्क्रिप्शन आणि व्हिडिओतला विषय त्या शोधाशी किती जुळतो ते पाहतं. शिवाय तेच शब्द शोधून आलेल्यांनी तो व्हिडिओ किती वेळ पाहिला, तेही पाहतं. गेल्या वर्षीच्या व्हिडिओंच्या पदरी हा पुरावा असतो, नव्याकडे काहीच नसतो. तो जमायला लागणारे दिवस गर्दीच्या आधीच काढून ठेवावे लागतात.

हे दिवस तारखेवरून मोजले की घोटाळा होतो. गणेश चतुर्थी 2024 मध्ये 7 सप्टेंबरला होती, 2025 मध्ये 27 ऑगस्टला. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने ती 14 सप्टेंबरवर गेली. म्हणून गूगल ट्रेंड्सवर ‘यूट्यूब सर्च’ आणि महाराष्ट्र निवडून मागच्या वर्षांचा आलेख पाहताना चढ चतुर्थीच्या किती दिवस आधी सुरू झाला, ते टिपावं. तिथला 100 हा आकडा म्हणजे शंभर लोक नव्हेत. निवडलेल्या काळातला तो सर्वोच्च बिंदू, आणि बाकीचे आकडे त्याच्या तुलनेत.

2026 चंच वेळापत्रक मांडू. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शब्द गोळा करायचे. सर्चच्या चौकटीत ‘उकडीचे मोदक’ लिहून थांबलं की खाली सूचना येतात. त्या लोकांच्या प्रत्यक्ष शोधांवरून येतात. मग तेच रोमन लिपीत, ukdiche modak असं लिहून पाहायचं, कारण मराठी माणूस मोबाइलवर बऱ्याचदा असंच टाइप करतो. मोदक का फुटतात, उकड चिकट का होते, साच्याशिवाय कळ्या कशा पाडायच्या, अशा अडचणींचे शोधही टिपून ठेवावेत. नुसत्या ‘मोदक’ या शब्दावर मोठ्या चॅनेलांशी झुंजण्यापेक्षा नव्या चॅनेलला यातली एखादी अडचण पकडणं परवडतं.

त्यातून टायटल ठरतं: ‘उकडीचे मोदक न फुटण्यासाठी उकड कशी काढावी | Ukdiche Modak’. मर्यादा 100 अक्षरांची असली तरी मोबाइलवर शेवट कापला जातो, म्हणून मुख्य शब्द आधी. डिस्क्रिप्शनच्या पहिल्या दोन ओळींत तीच गोष्ट सरळ वाक्यांत सांगावी, खाली तांदळाच्या पिठाचं आणि पाण्याचं प्रमाण द्यावं. टॅगवर रात्र जागवू नये. शोधात त्यांचा वाटा अगदी थोडा असतो, असं यूट्यूबच सांगतं. ukadiche, ukdiche अशा स्पेलिंगच्या तऱ्हांपुरते ते ठेवावेत. संबंध नसलेले लोकप्रिय शब्द घुसडणं तर नियमांतच बसत नाही.

व्हिडिओ 24 ऑगस्टला, म्हणजे तीन आठवडे आधी, पब्लिक करावा. प्रायव्हेट किंवा अनलिस्टेड व्हिडिओ सर्चमध्ये येत नाही, त्यामुळे आधी चढवून लपवून ठेवण्यात फायदा नाही. शिवाय मध्ये ऑगस्टअखेरची संकष्टी येते. त्या दिवशीही मोदक होतातच, त्यामुळे रंगीत तालीम आयती होते.

संकष्टीनंतर यूट्यूब स्टुडिओत पाहावं. ‘यूट्यूब सर्च’ या स्रोताखाली लोक कोणते शब्द टाकून आले ते दिसतं. सर्चमधून इम्प्रेशन्सच मिळत नसतील, तर शब्द चुकले असण्याची शक्यता मोठी. टायटल आणि डिस्क्रिप्शन बदलावं. व्हिडिओ दिसतो पण कुणी उघडत नाही, तर थंबनेल बदलावा. उघडतात आणि अर्ध्या मिनिटात निघून जातात, तर मेटाडेटाचा इलाज नाही. सुरुवातीची लांबण छाटावी. दुरुस्तीला अजून दोन आठवडे हाताशी असतात.

विसर्जनानंतर शोध ओसरतील, म्हणून व्हिडिओ काढून टाकू नका. पुढच्या वर्षी तोच नव्याने चढवला, तर जमलेला पुरावा जुन्या लिंकपाशीच राहतो आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात होते. टायटलमध्ये वर्ष घातलं असेल तर तेवढं बदला आणि चतुर्थीची नवी तारीख पाहून आतापासूनच उलटे दिवस मोजा.